व्रत कोणाचे? : शाकाहारी, जैन आणि व्हीगन पानांविषयी

काही वर्षांपूर्वी पुण्यात डिसेंबर महिन्यात भरलेल्या एका भाषाविषयक परिसंवादाच्या व्यवस्थेत आमचा थोडाफार हात होता. निबंधवाचन, चर्चा, निवास हे सारे यथास्थित पार पडले. फसले ते रात्रीचे जेवण. पाहुण्यांत एक इंग्रज विदुषी होत्या, त्यांनी अर्जात ‘शाकाहारी’ असे लिहिले होते. एक जर्मन संशोधक होते, त्यांनी ‘व्हीगन’ लिहिले होते. आणि सांगलीकडचे एक निवृत्त प्राध्यापक होते, त्यांनी काहीच लिहिले नव्हते. ते जैन आहेत हे आम्हांला ठाऊक होते आणि आम्हांला ते ठाऊक असणार हे त्यांनी गृहीत धरले होते. आम्ही मुदपाकखान्यात जाऊन आचाऱ्यांना तिन्ही शब्द सांगितले. पहिला त्यांना कळला. तिसरा तर त्यांना आमच्यापेक्षा अधिक कळत होता, कारण लग्नाच्या हंगामात ‘जैन पान’ ही त्यांच्या रोजच्या हिशेबातली बाब. व्हीगन म्हणजे काय, असे त्यांनी विचारले तेव्हा आम्ही घाईघाईने उत्तर दिले, “जैनांसारखेच, पण आणखी कडक.”

एवढ्या एका वाक्याने घात केला. आचाऱ्यांनी विचार केला, तो त्यांच्या जागी बरोबरच होता: सर्वांत कडक ते सर्वांना चालेल. त्यांनी कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य करून एक स्वतंत्र पातेले चढवले, त्यातल्या वरणाला तुपाची फोडणी दिली, कोबीच्या भाजीत रस दाट व्हावा म्हणून थोडे दही घातले, आणि फुलके तूप लावून रचले. जर्मन पाहुण्यांनी दोन घास खाल्ले, तुपाचा वास ओळखला आणि अत्यंत सौजन्याने ताट बाजूला सारले. शेजारच्या पंक्तीला बटाट्याची सुकी भाजी होती. तेलावर केलेली, मोहरी-हळदीची, त्यांना संपूर्णपणे चालणारी. ती त्यांच्यापासून आम्हीच दूर ठेवली होती. इंग्रज बाईंचे जेवण उत्तम झाले, फक्त शेवटच्या केकच्या तुकड्यात अंडे नाही याची त्यांना कोणीतरी चारदा ग्वाही का दिली, हे त्यांना उमजले नाही. त्या अंडी खात होत्या. आणि प्राध्यापकमहाशय जेवलेच नाहीत. ज्यांच्यासाठी खरे तर ते पातेले चढले होते, त्यांनी हात जोडून सांगितले, “आता साडेआठ वाजले आहेत.” डिसेंबरात पुण्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो.

तेव्हापासून या तीन शब्दांच्या इतिहासाकडे आमचे लक्ष गेले. आमची चूक माहितीची नव्हती, ती उपमेची होती. आम्ही तीन आहारांना एका शिडीच्या तीन पायऱ्या मानले होते: खाली शाकाहारी, वर जैन, त्याही वर व्हीगन. प्रत्यक्षात ही तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हे प्रश्न कोणी, केव्हा आणि कोणाला विचारले हे पाहिल्याशिवाय उत्तरांचा मेळ लागत नाही.

इंग्रजी शब्दाचा काळ फार जुना नाही. 1847 साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रॅम्सगेट या गावी ‘व्हेजिटेरियन सोसायटी’ स्थापन झाली आणि त्यापूर्वी थोडी वर्षे तुरळक आढळणारा हा शब्द रूढ झाला. त्या समाजाचा प्रश्न साधा होता: या पदार्थासाठी प्राणी मारला गेला आहे काय? दूध काढण्यासाठी आणि अंडे गोळा करण्यासाठी गाय वा कोंबडी मारावी लागत नाही, म्हणून सर्वसाधारण सभासदाच्या ताटात दोन्ही होती. आपला ‘शाकाहार’ हा शब्द त्याच्यासमोर प्रतिशब्द म्हणून उभा केला जातो तेव्हा तो वेगळ्याच घरातून येतो. आपल्याकडे दूध हे पवित्र आणि अंडे हे मांसाच्या बाजूचे. शिवाय आपली जुनी बोली पदार्थाचे नाव घेण्याऐवजी माणसाचे नाव घेते. ‘तो माळकरी आहे’ असे म्हटले की गळ्यातल्या तुळशीच्या माळेबरोबर काय सुटले हे गावाला कळते. पदार्थांची यादी द्यावी लागत नाही. परदेशी पाहुण्याला आणि त्याच्या देशातल्या स्वयंपाक्याला ही माळ दिसत नाही, म्हणून तेथे यादी लागते.

अशी यादी लागलेला सर्वांत प्रसिद्ध भारतीय पाहुणा म्हणजे 1888 साली लंडनला पोहोचलेला तरुण मोहनदास गांधी. निघण्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्याच्याकडून आईसमक्ष तीन गोष्टींचा त्याग वदवून घेतला होता: मद्य, स्त्रीसंग आणि मांस. पहिले काही महिने उपासमारीचेच गेले. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तेथेच विक्रीला ठेवलेले हेन्री सॉल्टचे शाकाहारावरचे पुस्तक त्याने एका शिलिंगला घेतले. आत्मकथेतला हा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्यापुढचा, आमच्या मते अधिक मोलाचा प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो.

इंग्लंडात कोणीतरी गांधींना पटवले की अंडे म्हणजे मांस नव्हे, त्यात कोणत्याही जिवाला दुखापत नाही. त्यांना ते पटले आणि व्रत असूनही त्यांनी काही दिवस अंडी खाल्ली. पुढे वाचनात त्यांना मांसाच्या तीन व्याख्या आढळल्या. पहिलीनुसार मांस म्हणजे पशुपक्ष्यांचे मांस. ती धरली तर मासेही चालतील, अंडी तर चालतीलच. दुसरीनुसार सर्व प्राणिमात्रांचे मांस. मग मासे गेले, अंडी राहिली. तिसरीनुसार प्राणी आणि त्यांच्यापासून निघणारे सारे. मग अंड्यांबरोबर दूधही गेले. तिन्ही व्याख्या आपापल्या जागी तर्कशुद्ध होत्या. वकिलीचा अभ्यास करणाऱ्या त्या तरुणाने यांतली सर्वांत सोयीची निवडली असती तर त्याला दोष देता आला नसता. त्याने मात्र निवड व्याख्यांत केलीच नाही. व्रत देणाऱ्या व्यक्तीच्या मनात जो अर्थ होता तोच व्रताचा अर्थ, असा त्याने निर्णय केला. आईच्या दृष्टीने अंडे हे मांसात जमा होते. तेव्हा अंडी सुटली. दूध राहिले, कारण आईच्या स्वयंपाकघरात ते होते.

या निर्णयाचा व्यावहारिक परिणाम गांधी प्रामाणिकपणे नोंदवतात: आता शाकाहारी उपाहारगृहातही चौकशी करावी लागू लागली. तेथली कितीतरी पुडिंगे आणि केक अंड्यांचे असत. म्हणजे दारावर ‘शाकाहारी’ अशी पाटी असूनही आतल्या ताटात गांधींना अभक्ष्य असलेला पदार्थ होता, आणि पाटी खोटी नव्हती. आमच्या इंग्रज पाहुण्यांना दिलेल्या चार ग्वाह्या म्हणजे याच गैरसमजाची उलटी बाजू. भारतात तर आज कायद्यानेही अंडे मांसाहाराकडे मोजले जाते. पाकिटावरचा हिरवा ठिपका अंडे असल्यास लावता येत नाही, दूध किंवा मध असल्यास मात्र लावता येतो. त्यामुळे आपल्या हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवून व्हीगन पाहुण्याला निश्चिंत करणे हे लंडनच्या पाटीवर विसंबण्यासारखेच आहे.

जैन आहाराचा प्रश्न याहून जुना आणि पुष्कळ सूक्ष्म आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपालासाठी ‘योगशास्त्र’ रचले. त्यात गृहस्थाने वर्ज्य करावयाच्या गोष्टी येतात: मद्य, मांस, लोणी, मध, वड-उंबरादी पाच झाडांची फळे, अनंतकाय, अनोळखी फळ, रात्रीचे भोजन, कच्च्या गोरसात मिसळलेले कडधान्य, दोन दिवसांपलीकडचे दही. ही यादी पहिल्यांदा वाचणाऱ्याला विस्कळीत वाटते. मधाशेजारी उंबर का, आणि जेवणाच्या वेळेचा उल्लेख पदार्थांच्या रांगेत का? पण प्रश्न कळला की रांग सरळ होते. येथे ‘प्राणी मारला काय’ एवढेच विचारलेले नाही. या घासात, या घटकेला, किती जीव आहेत किंवा उत्पन्न झाले असतील, असे विचारले आहे. उंबरात किडे असतात हे कोणीही फोडून पाहावे. ताकावर आलेल्या लोण्यात थोड्या वेळाने जीव उत्पन्न होतात असे मानतात. तेच कढवून तूप केले की चालते. अंधारात ताटात काय पडले ते दिसत नाही. म्हणजे तोच पदार्थ सकाळी भक्ष्य आणि रात्री अभक्ष्य असू शकतो. घड्याळ हाही पाककृतीचा एक जिन्नस आहे, ही गोष्ट इंग्रजी शाकाहारात नाही आणि व्हीगन विचारातही नाही.

‘अनंतकाय’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण मुदपाकखान्यात सर्वाधिक घोटाळा त्याचाच होतो. जैन जीवविचारात वनस्पतींचे दोन वर्ग आहेत: एका शरीरात एक जीव असणारी आणि एका शरीरात अनंत जीव असणारी. दुसऱ्या वर्गातली वनस्पती ओळखण्याच्या खुणा शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ या प्रकरणात दिल्या आहेत. तिच्या शिरा, सांधे, गाठी दिसत नाहीत. मोडली तर सारखी मोडते. तंतू निघत नाहीत. कापून लावली तर पुन्हा उगवते. आता बटाटा घ्या. हेमचंद्रांना बटाटा ठाऊक असणे शक्य नाही. तो दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि मराठीत तर पोर्तुगीज नावच घेऊन राहिला. तरीही तो आल्यावर जैन घराला नवा नियम करावा लागला नाही. सुरीने कापला, सारखा कापला गेला, तंतू नाहीत, डोळा असलेली फोड मातीत खुपसली तर कोंब फुटतो: परीक्षा संपली, बटाटा अनंतकायात गेला. यादी जुनी होते, कसोटी होत नाही. मोड आलेली कडधान्ये आणि अळंबी का चालत नाहीत, याचे उत्तरही याच घरात आहे. उलट सुंठ आणि हळकुंड चालते, ओले आले आणि ओली हळद चालत नाही. हे परदेशी पाहुण्यांना ढोंग वाटते, पण परंपरेने सांगितलेले कारण सुसंगत आहे. आले ओले ठेवले तर त्याला कोंब येतो, सुंठीला येत नाही.

आचारी लोक ‘जैन’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘कांदा-लसूण नाही’ असा घेतात. याला ऐतिहासिक कारण आहे. आपल्याकडे चातुर्मासात कित्येक घरांत, आणि वैष्णव परंपरेत वर्षभर, कांदा-लसूण वर्ज्य असतो. तेथे आक्षेप असतो तो त्या पदार्थाच्या रजोगुणी-तमोगुणी स्वभावाला. त्या घरात बटाटा बिनदिक्कत चालतो. इतका, की आपल्या उपवासाचे ताट बटाटा, रताळे आणि साबुदाणा यांच्यावरच उभे आहे. साबुदाण्याची खिचडी हा आमच्या घरचा सर्वांत सात्त्विक पदार्थ. बटाट्याच्या फोडींसह ती जैन पाहुण्यापुढे ठेवणे म्हणजे आपल्या पावित्र्याने त्यांचे पावित्र्य मोडणे. दोन व्रते एका पदार्थावर येऊन मिळतात, म्हणून आपण त्यांना एक समजतो; कांद्यापाशी ती मिळतात आणि बटाट्यापाशी फुटतात. अनुभवी आचाऱ्याला हे माहीत असते. तो पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे घालतो, रस्सा दाट करायला कांद्याऐवजी कोबी, दुधी किंवा काजू वापरतो. त्यालाही कधी चकवा बसतो तो कढीत. ताक आणि बेसन दोन्ही चालणारे जिन्नस, पण कच्च्या ताकात बेसन कालवले की ‘द्विदल’ होते, म्हणजे गोरस आणि डाळीचा वर्ज्य संयोग. ताक आधी चांगले गरम करून घ्यावे आणि मग त्यात बेसन घालावे. तयार कढीकडे पाहून हा फरक कोणालाही सांगता येणार नाही. दहीवड्यालाही हाच नियम. येथे ताटातला पदार्थ तपासून भागत नाही, करणाऱ्याला विचारावे लागते. अर्थात सारे जैन सारखे पाळत नाहीत. कोणी कंदमुळे कायमची सोडतात, कोणी पर्युषणापुरती. सूर्यास्ताचा नियम कोणाचा रोजचा, कोणाचा तिथीचा. तेव्हा ‘जैन’ हे नाव कळल्यावर चौकशी संपली असे मानू नये.

आता तिसरा शब्द. त्याची जन्मतारीखच आपल्या हाती आहे. 1944 साली इंग्लंडमधल्या काही शाकाहाऱ्यांनी आपल्याच संस्थेच्या मासिकात दूधही न घेणाऱ्या वाचकांसाठी थोडी नियमित जागा मागितली. ती मिळाली नाही. तेव्हा डॉनल्ड वॉटसन या सुतारकामाच्या शिक्षकाने त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये स्वतःच एक लहानसे पत्रक काढले. नाव काय ठेवावे याविषयी ‘डेअरीबन’, ‘बेनेव्होर’ असल्या विनोदी वाटणाऱ्या सूचना आल्या होत्या. शेवटी ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे घेऊन ‘व्हीगन’ बनवला गेला. मधला भाग गाळला. आमच्यासारख्या शब्दांवर उपजीविका करणाऱ्यांना हे गाळणे फार बोलके वाटते, कारण त्या मंडळींचा आक्षेपही मधल्या भागावरच होता: मांस न खाता दूध पिणारा माणूस वासराच्या वाट्याचे पितो आणि दूध आटलेल्या गाईचे पुढे काय होते याकडे पाहत नाही. 1949 मध्ये लेस्ली क्रॉस यांनी संस्थेला निश्चित व्याख्या नाही हे दाखवून दिले आणि पुढे प्राण्यांच्या शोषणापासून मुक्ती हे सूत्र स्थिर झाले. म्हणजे येथला प्रश्न, ‘हे कोणाचे होते आणि ते त्याच्याकडून कोणी घेतले?’ मध जैन आणि व्हीगन दोघांनाही वर्ज्य आहे, पण एकाला त्यातल्या जीवहिंसेमुळे आणि दुसऱ्याला मुख्यतः तो मधमाशीचा म्हणून. तूप एकाला शुद्ध केलेले म्हणून चालते, दुसऱ्याला ते कितीही कढवले तरी गाईचेच. बटाटा कोणाकडून हिसकावलेला नाही, म्हणून व्हीगन ताटात तो राजा.

हा प्रश्न परदेशीच आहे असे मात्र समजू नये. गांधींनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले, त्यामागे कलकत्त्याकडे गाई-म्हशींचे दूध काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या ‘फुक्या’च्या क्रूर रीतीचीही वार्ता होती. 1918 च्या दीर्घ आजारानंतर डॉक्टर दलालांनी दुधाचा आग्रह धरला, कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचवले आणि गांधींनी ते घेतले, कारण व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय-म्हैस होती. शब्द पाळला गेला, व्रताचा आत्मा मोडला, अशी टोचणी त्यांना पुढे राहिली. लंडनमध्ये आईचा अर्थ प्रमाण मानणाऱ्या माणसाला येथे स्वतःचा अर्थ अडचणीचा झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आज विमानाचे तिकीट काढताना पडद्यावर चार संकेत दिसतात आणि या सबंध इतिहासाचा तो सर्वांत आटोपशीर कोश आहे. VLML म्हणजे दूध-अंडी चालणारा, 1847 चा शाकाहारी. AVML म्हणजे आपला शाकाहारी. दूध आहे, अंडे नाही, मसाला हिंदुस्थानी. VGML म्हणजे 1944 चा. प्राणिज काही नाही, पण कांदा, बटाटा, अळंबी सर्व असू शकते. VJML म्हणजे कंदमुळांविना जैन. विमान कंपन्यांनी तिथे शिडी ठेवली नाही, चार वेगळी कपाटे ठेवली. मात्र सूर्यास्तासाठी संकेत नाही. तो प्रवाशाने स्वतः पाहायचा.

पुढच्या वर्षीच्या परिसंवादाला आम्ही मुदपाकखान्यात शब्द नेले नाहीत, दोन कागद नेले. एकावर लिहिले: दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर, मध काहीही नाही, फुलक्याला तूप नाही, फोडणी तेलाची, कांदा, लसूण, बटाटा, गाजर सर्व चालेल. दुसऱ्यावर: जमिनीखालचे काही नाही, मोड आलेले काही नाही, मध नाही, दूध-तूप चालेल, कढीचे ताक आधी गरम करावे, ताट साडेपाचला. दोन्ही कागदांवर बसणारे पदार्थ फार थोडे निघाले: साधा भात, बिनतुपाचा फुलका, तेलाच्या फोडणीचे वरण, काकडीची बिनदह्याची कोशिंबीर आणि कच्च्या केळ्याची भाजी. परदेशी पाहुण्यांना आम्ही तिन्ही प्रश्न सांगितले, नियम सांगितले नाहीत. सुंठीचा खुलासा मग त्यांनीच एकमेकांना केला.

आचारीकाकांनी पहिला कागद दोनदा वाचला. तूप नाही आणि कांदा चालतो, असे पान त्यांनी आयुष्यात वाढले नव्हते.

“हे व्रत कोणी दिलं यांना?” त्यांनी विचारले.

“विलायतेत सुतारकाम शिकवणारे एक मास्तर होते, त्यांनी,” आम्ही म्हणालो.

“असं होय,” ते म्हणाले आणि फोडणीसाठी तेलाची बुधली पुढे ओढली. “मग पाहुण्यांनाच एकदा विचारून घ्या सर, साखर चालते का ते.”